यूएसबी हबला फोन लावल्यावर जोडणी तुटते, त्याचं खरं कारण

«हबला चार पोर्ट आहेत म्हणजे चार वस्तू चालणारच. फोनवर चार्जिंगचं चिन्ह दिसतंय म्हणजे पॉवर पुरेशी आहे. तरी फोन सारखा तुटत असेल तर केबल नाहीतर ड्रायव्हर खराब. फारच झालं तर चार्जरवाला हब घ्या, विषय संपला.»

सांगलीतल्या व्यापाऱ्यांच्या आणि फोटोवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय आणि तो वाचून लोक चांगल्या केबली फेकून देताहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते चिन्ह. फोनला आत येणारा करंट थोडा असला तरी ते चिन्ह उमटतं. लॅपटॉपच्या साध्या डेटा पोर्टवर फोन बहुधा ५०० मिलिअँपिअरच्या आसपासच घेतो, आणि व्होल्टेज पडायला लागलं तर आपली ओढ आणखी कमी करतो. म्हणजे फोन निभावून नेतो. हार्डडिस्कला ते जमत नाही. तिची चकती फिरायला लागताना एकदम जास्त करंट लागतो, तो मिळाला नाही की ती टक्‌ टक्‌ करत बंद पडते. फोनवरचं चिन्ह मात्र तसंच असतं.

पोर्टांचा हिशोब मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातल्या उदाहरणावरून सांगतो. लॅपटॉपला दोन पोर्ट. एका पोर्टवर बाहेरचा चार्जर नसलेला हब, आणि त्यावर माऊस, फोन आणि अडीच इंची हार्डडिस्क. फोनमधले लॉटचे फोटो डिस्कवर टाकायला घेतले की काही फोटो जायचे आणि मग कॉपी थांबायची. दिवाणजींनी केबल दोनदा बदलली होती. विंडोजच्या Device Manager मध्ये त्या हबच्या Properties मधला Power हा टॅब उघडला, तर फोनसमोर ५००, डिस्कसमोर ८९६ आणि माऊससमोर १०० मिलिअँपिअर असे आकडे होते. बेरीज जवळपास १५००. लॅपटॉपचा तो यूएसबी ३ पोर्ट नियमाने देतो ९००, आणि हब स्वतःला लागणारी वीजही त्यातूनच घेतो. हे आकडे त्या-त्या वस्तूने सांगितलेली कमाल मागणी असते, प्रत्यक्ष खप नव्हे. त्यामुळे डिस्क शांत असेपर्यंत सगळं सुरळीत वाटतं आणि लिहायला लागली की कोसळतं. खरं तर अशा वेळी कॉम्प्युटरने आधीच नकार द्यायला हवा, पण काही स्वस्त हब आपल्याला स्वतःची वीज आहे असं खोटंच कळवतात, म्हणून तो नकार येतच नाही.

तिथे एक पैसाही खर्च झाला नाही. डिस्क लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला थेट लावली, हबवर फोन आणि माऊस ठेवले. मागणी ६०० वर आली आणि कॉपी पूर्ण झाली. एक कळकळीची सूचना: फोनमधून काढताना Cut करू नका, Copy करा. मध्येच जोडणी तुटली तरी मूळ फोटो फोनमध्ये राहतात.

केबल खराब असूच शकत नाही असं मी म्हणत नाही, पण ते ओळखता येतं. फोन एकटाच तुटत असेल आणि माऊस, डिस्क चालू राहत असतील, तर केबल, फोनचं सॉकेट किंवा फोनमधली सेटिंग बघा. माऊसही त्याच क्षणी अडकत असेल, विंडोजचा तुटल्या-जोडल्याचा आवाज लागोपाठ येत असेल, तर वीज कमी पडते आहे असा पहिला संशय घ्या. खात्री करायला डिस्क काढून नुसत्या फोनवरून तीच कॉपी लॅपटॉपवर करा. ती सुरळीत झाली तर फोनच्या केबलीचा दोष नाही.

आता चार्जरवाला हब. ५ व्होल्ट २ अँपिअरचा अॅडॉप्टर असेल तर २००० मिलिअँपिअर मिळतात, वरच्या तिन्ही वस्तू त्यात बसतात. पण टाइप-सी डॉक, म्हणजे लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला लावायचा मोठा हब, घेतला तर दोन गोष्टी नडतात. त्याचं चार्जरसाठी असलेलं तोंड बऱ्याच डॉकवर फक्त वीज घेतं, तिथे फोन लावला तर लॅपटॉपला दिसणारच नाही. आणि चार्जर लावताना-काढताना वीज कुठून घ्यायची हे पुन्हा ठरतं, तेवढ्यात अनेक डॉकवरच्या सगळ्या वस्तू क्षणभर तुटतात. आपल्याकडे दुपारी लाईट गेली की नेमकं हेच होतं: लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण डॉकचा चार्जर बंद पडतो आणि कॉपी अर्धवट राहते. दुकानात इन्व्हर्टर असेल तर लॅपटॉपच्या आधी डॉकचा चार्जर त्या पॉइंटवर घ्या.