पन्हाळ्यावरच्या त्या फोटोत ध्रुवतारा नाही

«२६ जानेवारी २०२५, रात्री ८, पन्हाळा. फोटोत वर सगळ्यात जास्त चमकतोय तो ध्रुवतारा. त्याच्याजवळ पतंगासारखे छोटे सप्तर्षी. बाजूचा लालसर तो मंगळ. पुढे पाठवा!»

फोटो झकास आहे. अमावास्येला तीन दिवस होते, त्यामुळे चंद्राचा उजेड नव्हता आणि कोल्हापूरचे दिवेही खाली लांब राहिले होते. नावं मात्र तिन्ही चुकली आहेत.

मी तो फोटो ए-फोर कागदावर प्रिंट करून घेतला आणि पट्टी घेऊन बसलो. आधी फोटोच्या मधोमध एका ओळीत असलेले तीन तारे शोधले. तो मृगाचा बाण. त्याची लांबी आकाशात पावणेतीन अंश, माझ्या कागदावर एक सेंटीमीटर. हे माप हाती आलं की फोटो कुठल्याही मोबाइलचा असो, त्यातलं अंतर मोजता येतं. वाइड लेन्समध्ये कडेचा भाग थोडा ताणला जातो, तेवढी सूट धरायची.

बाणाची रेघ खाली उजवीकडे वाढवली की व्याध सापडतो. वर वाढवली की लालसर रोहिणी आणि तिच्याही पुढे, फोटोच्या वरच्या काठाशी, तो 'पतंग'. पट्टीवर तो जेमतेम चार मिलिमीटर भरला. सप्तर्षी पंचवीस अंशांहून लांब पसरलेले असतात, म्हणजे इथे त्यांना साडेनऊ सेंटीमीटर जागा लागली असती. शिवाय त्या वेळी सप्तर्षींचा पहिला तारा जेमतेम क्षितिजावर आला होता, बाकीचे बहुतेक खालीच होते. तो पतंग म्हणजे कृत्तिका. हा घोळ जुनाच आहे, कारण कृत्तिकांचा आकारही छोट्या पळीसारखा दिसतो.

आता तो 'ध्रुवतारा'. ध्रुव सगळ्यात तेजस्वी असतो हे आपल्याला कुणी शिकवलं कोण जाणे. तो दुसऱ्या प्रतीचा, साधासा तारा आहे. त्याचं महत्त्व जागा न सोडण्यात आहे. आणि ती जागाही ठरलेली: गावाचा अक्षांश जेवढा, तेवढीच त्याची उंची. कोल्हापूर पावणेसतरा अंशांवर, म्हणून इथून ध्रुव उत्तरेला क्षितिजापासून दीड-पावणेदोन मुठी वर दिसतो, हात लांब करून मोजल्यावर. हा फोटो पूर्वेकडे तोंड करून, कॅमेरा वर उचलून काढलाय. यात ध्रुव येणारच नाही.

मग तो ठिपका कोण? रोहिणीच्या डावीकडे, पट्टीवर दोन सेंटीमीटरला थोडा कमी, म्हणजे पाचेक अंशांवर. तो गुरू. वृषभ राशीच्या या भागात एवढा तेजस्वी ताराच नाही. तारे म्हणाल तर सगळ्या आकाशात व्याध पहिला, आणि गुरू त्या रात्री त्याच्याहून अडीचपट तरी तेजस्वी होता. ध्रुवापेक्षा साठेक पट. (त्याहून झगझगीत शुक्र त्या वेळी पश्चिमेला, फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे होता!)

लाल ठिपक्याची चूक समजण्यासारखी आहे. मंगळ लाल हे सगळ्यांना ठाऊक असतं, रोहिणी लाल हे कमी जणांना. पण फोटोत रंगावर फार विसंबू नका. मोबाइलचा कॅमेरा रंग आपल्या मर्जीने बदलतो, आणि ठिपका फार तेजस्वी असला की त्याचा मधला भाग पांढराच येतो, लाली कडेला उरते. इथेही तसंच झालंय: खरा मंगळ फिकट दिसतोय, म्हणून तो कुणाच्या लक्षात आला नाही. तो खाली डावीकडे आहे, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ. रोहिणीच्या सहा-सातपट तेजस्वी, व्याधाच्या तोडीस तोड. रोहिणी वर, मंगळ आणि व्याध खाली दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या उंचीवर, असा मोठा त्रिकोण फोटोत सरळ दिसतो. आणि रोहिणी कोल्हापूरकरांची खास: ती आपल्या जवळजवळ बरोब्बर डोक्यावरून जाते.

यावर एकाने ३ फेब्रुवारीचा फोटो टाकून विचारलं, "आठ दिवसांत तो ठिपका तसूभरही हलला नाही, मग ग्रह कसा?" प्रश्न चांगला आहे. ग्रह ताऱ्यांमधून सरकतो, पण गुरूचं वक्री जाणं ४ फेब्रुवारीला थांबणार होतं. चाल उलटण्याआधी ग्रह असा थबकतो आणि तेव्हा आठ दिवसांचा फरक मोबाइलच्या फोटोत कळत नाही. तेच दोन फोटो घेऊन मंगळ बघा. पुनर्वसूच्या ताऱ्यांपासून तो दोन अंशांहून जास्त सरकलाय. माझ्या कागदावर पाऊण सेंटीमीटरच्या वर.