साधीच पीपीटी

आमच्या सौभाग्यवतींच्या माहेरी, दिंडोरीच्या बाजूला, नाना म्हणून एक काका आहेत. द्राक्षबाग, पंचक्रोशीत वट, आणि आता शेतकरी उत्पादक कंपनीचे सर्वेसर्वा. सातपूरच्या कारखान्यात नोकरी करणारा जावई म्हणजे कॉम्प्युटरवाला, हे त्यांनी लग्नातच ठरवून टाकलं होतं. परवा त्यांचा मेसेज आला: ‘जावईबापू, वार्षिक सभेसाठी पीपीटी हवी. साधीच. पंधरा-वीस पानं. रविवारी सभा.’ पाठोपाठ फोटो. बागेचे, ट्रॅक्टरचे, सत्काराचे, आणि एक नातवाचा. तो बहुधा चुकून.

‘साधीच’ या शब्दाला मी फार भितो. ‘साधीच’ म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे ते त्याचं त्यालाही माहीत नसतं, आणि ‘हे नव्हतं हो पाहिजे’ हे मात्र तयार पीपीटी बघितल्यावर त्याला लख्ख कळतं. म्हणून माझा नेम आहे. कशासाठी, कोणासमोर, कुठे आणि किती वेळ, या चार गोष्टी कळल्याशिवाय मी फाईलला नावसुद्धा देत नाही. ऑफिसात हा नेम चालतो. सासरी चालवणं कठीण, कारण तिथे जावयानं चहा प्यायचा असतो, उलटतपासणी घ्यायची नसते.

तरी फोन लावला. हे प्रश्न लिहून विचारले की उत्तरादाखल नमस्काराचे हात येतात.

“नाना, पीपीटी कशासाठी?”

“माहिती द्यायची लोकांना.”

हे उत्तर सगळेच देतात आणि ते कामाचं नसतं. मी प्रश्न फिरवला. “सभा संपली, लोक जेवायला बसले. शेजारच्याला काय म्हणत असतील तर तुम्ही खूश?”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज खाली आला. “म्हणावं, की दहा-दहा हजार भरायचं ठरलं.”

म्हणजे असं होतं. कंपनीला प्रीकूलिंगची खोली बांधायची होती, त्यासाठी प्रत्येक सभासदाकडून वाढीव भागभांडवल हवं होतं, आणि सभेत हात वर करून ठराव पास व्हायला हवा होता. पंधरा-वीस पानांच्या फर्माइशीत याचा उल्लेख नव्हता. ‘द्राक्षाचा इतिहास’ मात्र होता.

दुसरा प्रश्न समोरच्यांचा. “सगळे आपलेच,” नाना म्हणाले. आपलेच म्हणजे कोण, हे खणून काढावं लागलं. जन्मभर द्राक्षं पिकवलेली माणसं. तोडलेला माल लवकर थंड केला नाही तर देठ सुकतो आणि मणी गळतात, हे त्यांना मी स्लाइडवर बाणबिण काढून शिकवायचं? इतिहास, लागवड, फायदे सगळं उडालं. मग मी हमखास कामाला येणारा प्रश्न टाकला: “विरोध कोण करील?”

“तात्या,” नाना तत्काळ म्हणाले. “गेल्या वर्षीच्या पैशांचं काय केलं, म्हणेल.”

“काय केलं?”

नानांनी सांगितलं. हिशेब चोख होता. तो एका स्लाइडवर यायला हवा, आणि तात्या उभे राहायच्या आत यायला हवा, हे दोघांनाही पटलं. बँकेचे अधिकारीही येणार आहेत, हे जाता जाता निघालं. त्यांना परतफेडीचा तक्ता हवा असणार. तो पडद्यावर टाकला तर सभासद जांभया देतील, म्हणून तो कागदावर छापून त्यांच्या हातात द्यायचं ठरलं. दोन तऱ्हेच्या श्रोत्यांना एकाच स्लाइडवर खूश करायला गेलं की दोघंही रुसतात.

जागेबद्दल “आपलं नेहमीचंच” असं उत्तर आलं. नेहमीचं म्हणजे मारुतीच्या देवळाचा सभामंडप. मी विनंती केली, “शेवटचा माणूस जिथे बसेल तिथे बसा, सभेच्या वेळीच, आणि पडद्याच्या जागेचा फोटो काढा.” ही माझी आवडती युक्ती. माणसं तोंडानं सांगतात ते सभागृह आणि फोटोतलं सभागृह यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

फोटो आला. मंडप तीन बाजूंनी उघडा, सकाळचे अकरा, ऊन थेट त्या भिंतीवर जिथे पडदा लागणार. प्रोजेक्टर शाळेचा, जुना, चौकोनी चित्र टाकणारा. त्यावर रुंद आकाराची फाईल लावली तर वरखाली काळे पट्टे आणि अक्षरं आणखी बारीक. गडद निळी पार्श्वभूमी आणि पांढरी अक्षरं नानांना फार आवडतात. अशा उजेडात त्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही, कारण प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही, तो फक्त उजेड टाकतो. तिथे पांढऱ्यावर काळंच चालतं, तेही जेमतेम.

अक्षराच्या मापाचा हिशेब सोपा आहे. पडदा सहा फूट रुंद, शेवटचा माणूस तीस फुटांवर, म्हणजे रुंदीच्या पाचपट अंतरावर. माझ्या लॅपटॉपचा पडदा फूटभर रुंद, तेव्हा मी पाच फुटांवर उभं राहून वाचून बघायचं. नानांच्या गेल्या वर्षीच्या पीपीटीवर हा प्रयोग केला. पाच फुटांवरून मला फक्त नातू ओळखू आला.

उरला वेळ. “पंधरा मिनिटं दिलीत,” नाना म्हणाले. मी कार्यक्रमपत्रिका मागवली. किती मिनिटं दिली यापेक्षा आपल्या आधी काय आहे आणि नंतर कोण आहे, हे बघावं. आधी दीपप्रज्वलन आणि सत्कार होते; सत्कार वेळेत संपल्याचं अजून कोणी पाहिलेलं नाही. नंतर प्रमुख पाहुणे होते, ज्यांना पुढे आणखी एका कार्यक्रमाला जायचं होतं. त्यातून व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेण्यात तीन मिनिटं, प्रश्नोत्तरं आणि हात वर करण्यात पाच. बोलायला राहिली सात, तीही कोणी चिठ्ठी पाठवली नाही तर. सात मिनिटांत चार स्लाइड. आणि दहा हजारांची मागणी पहिल्याच स्लाइडवर, म्हणजे चिठ्ठी आली तरी मुद्दा राहायला नको.

हे सगळं चार ओळींत लिहून मी नानांना पाठवलं आणि खाली विचारलं, “बरोबर?” फोनवर कबूल केलेलं माणूस लेखी वाचतं तेव्हाच दुरुस्त्या सुचतात. नमस्काराचे हात आले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा उत्तर आलं: ‘सगळं बरोबर. फक्त बोलणार मी नाही, सुमनकाकू बोलणार. अध्यक्ष त्याच आहेत.’

वीस मिनिटं मी ज्यांच्याशी बोललो, ते बोलणारच नव्हते!

काकूंना फोन लावला. त्या मजुरांचा डबा भरत होत्या. पडद्याचं ऐकल्यावर म्हणाल्या, “त्या उन्हात कोण बघणार हो? जेवणाच्या रांगेत अर्धा अर्धा तास उभे असतात, तिथे लावा काहीतरी.”

“पण जेवण ठरावानंतर ना?”

“आमच्याकडे पंगत दहालाच सुरू होते. नाहीतर येतं कोण?”

ही गोष्ट नानांच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. प्रोजेक्टर रद्द झाला. चार स्लाइडचे चार फ्लेक्स करायचं ठरलं. काकू माईकवर पाच मिनिटं बोलणार आणि हिशेबाच्या फ्लेक्सशेजारी तात्यांची खुर्ची ठेवणार.

संध्याकाळी कॉलेज रोडच्या एका फ्लेक्सवाल्याकडे गेलो. काउंटरवर विशी-बाविशीचा पोरगा. मी पेनड्राइव्ह पुढे केला, तर त्यानं तो हातात घ्यायच्या आधीच विचारायला सुरुवात केली.

“उन्हात की सावलीत? लोक किती लांबून वाचणार? बांबूला बांधणार की भिंतीला? आणि किती दिवस ठेवायचाय?”

मी खुर्ची ओढली आणि बसलो. असा माणूस रोज भेटत नाही.