खलबत्त्याचा आवाज आणि डॉक्टरचा हक्क

«शेजाऱ्याच्या धंद्याचा त्रास होत असेल, तर सरकारने कर लावल्याशिवाय किंवा बंदी घातल्याशिवाय तो मिटत नाही.»

नेहमीच असं नसतं. लंडनमधल्या एका मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघरात मोठे खलबत्ते वर्षानुवर्षं चालत होते. शेजारच्या डॉक्टरने बागेच्या टोकाला, नेमकी त्याच भिंतीला लागून, तपासणीची खोली बांधली आणि कुटण्याच्या आवाजाची तक्रार केली. १८७९ साली न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला.

अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० साली हाच खटला घेऊन विचारलं, की निकालानंतर दोघं बोलले तर? समजा, खलबत्त्यांमुळे मिठाईवाल्याला वर्षाला १०० पौंड मिळतात आणि डॉक्टरचं नुकसान ६० पौंडांचं आहे. मिठाईवाला ८० पौंड देऊ करेल, डॉक्टर घेईल, खलबत्ते चालूच राहतील. निकाल उलटा लागला असता, तर खलबत्ते थांबवायला डॉक्टर ६० पौंडांपर्यंतच देऊ शकला असता. मिठाईवाला ते कशाला घेईल? तेव्हाही खलबत्ते चालूच. फरक एवढाच, की पैसे कोणाच्या खिशात. (हा फरक काही लहान नाही; डॉक्टरला विचारा.)

म्हणजे हक्क कोणाचा हे स्पष्ट हवं, आणि ते ठरवायला न्यायालय लागतंच. शिवाय बोलणी स्वस्त हवीत. इथे माणसं दोनच होती. धुराचा त्रास हजार घरांना असेल, तर प्रत्येकाला गाठणंच महाग पडतं, आणि एखादा अडून बसला तर सौदा मोडतो. तिथे नियम किंवा कर लागू शकतो.