हा आवाज त्यांचा की तुझा?

परवा प्रॅक्टिकलला माझे मार्क एका कलिंगडवाल्याने घालवले. त्यातले थोडे मीही घालवले, पण त्याची कबुली मी अजून घरीसुद्धा दिलेली नाही.

बी.एस्सी. नर्सिंगचं पहिलं वर्ष. पंधरा मिनिटांत एक अख्खा माणूस डोक्यापासून पायापर्यंत तपासून दाखवायचा. क्रम हॉस्टेलच्या जिन्यावर बसून आम्ही आरतीसारखा पाठ केलेला: बघा, दाबा, ठोका, ऐका. फक्त पोट आलं की ऐकणं रांग मोडून पुढे घुसतं. बघा, ऐका, ठोका, दाबा. एवढा एकच अपवाद, आणि परीक्षक सगळ्या जिवावर टपून बसलेले असतात ते या अपवादावर.

माझ्या वाट्याला आले पायाच्या जखमेच्या ड्रेसिंगसाठी भरती झालेले एक आजोबा. स्वभाव गरीब, कान जड, अंगात बंडी. आणि शेजारच्या खाटेपाशी स्टुलावर, पेशंटचे नातेवाईक म्हणून बसलेले एक काका. यांची बाजारात कलिंगडाची गाडी. हे मला विचारावं लागलं नाही, त्यांनीच पहिल्या मिनिटात सांगितलं.

डोकं, डोळे, तोंड, मान हे सगळं बरं गेलं. टॉर्च मारल्यावर आजोबांच्या बाहुल्या लहान झाल्या, मानेत गाठी लागल्या नाहीत. छातीवर आले आणि ठोकायला सुरुवात केली. डाव्या हाताचं मधलं बोट बरगड्यांच्या मधल्या खाचेत सपाट टेकवायचं, बाकीची बोटं उचलून धरायची, आणि उजव्या हाताच्या वाकवलेल्या मधल्या बोटाने त्या बोटाच्या नखामागच्या सांध्यावर ठोका द्यायचा. मी दिला. चपातीच्या पिठावर बोट आपटावं तसा आवाज आला.

"ए पोरी," काका म्हणाले, "सुतारकाम करतीस का?"

मॅडमनी वर बघितलं नाही. मी परत ठोकलं.

"खांद्यातनं मारतीस. मनगाट सैल सोड. आन् बोट तिथंच ठिवून बसू नको, मारलं की उचल. बोट चिकाटलं की आवाज मरतोय."

आता गंमत म्हणजे हे अक्षरशः आमच्या नोट्समध्ये आहे. मनगटातून ठोका, लगेच बोट उचला. सहा महिने मॅडम हेच सांगत होत्या आणि मला जमत नव्हतं. काकांनी स्टुलाच्या कडेवर वाजवून दाखवलं. टक्. टक्. मी तसं केलं आणि आजोबांची छाती पहिल्यांदा पोकळ, छान वाजली.

"हां! आता खाली सरक."

मी उजव्या बाजूने एकेक खाच खाली सरकत गेले. वाजतंय, वाजतंय, आणि मग एका जागी आवाज एकदम बसला. भद्द.

"बदाललं!" काका उभेच राहिले. "तिथं काय हाय?"

"लिव्हर," मी म्हणाले. हे मॅडमना सांगायला हवं होतं, सांगितलं काकांना.

"काळीज व्हय. बराबर. भरल्यालं हाय तिथं. कलिंगड कच्चं आसलं की टणटण करतंय, पिकलं की भद वाजतंय. गिऱ्हाईक हातानं थापटतंय, त्याला काय कळतंय? बोटाचं काम हाय ते."

ठोकून बघण्याची ही विद्या ऑएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरने 1761 मध्ये पुस्तक लिहून जगापुढे मांडली. त्याच्या बापाची ग्राट्समध्ये खानावळ होती. तिथली दारूची पिंपं किती भरलीत ते ठोकून बघताना पोराला हे सुचलं, असं सांगतात. म्हणजे मूळ धंदा काकांचाच. त्या पुस्तकाकडेही पुष्कळ वर्षं कोणी फारसं बघितलं नाही, 1808 मध्ये कोर्व्हिसारने त्याचं फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा कुठे डॉक्टर लोक ठोकायला लागले. मला मात्र त्या क्षणी इतिहास आठवत नव्हता. मी खुशीत होते. आणि परीक्षेत खुशीत असलेला माणूस म्हणजे उघडी तिजोरी.

पोट आलं. आजोबांना गुडघे वाकवायला सांगितले, बंडी वर केली, खालच्या अंगावर चादर ओढली, कुठे दुखतं का विचारलं. बघून झालं. स्टेथोस्कोपची चकती गार लागू नये म्हणून तळहातावर घासायला घेतली, तोवर मागून आवाज आला:

"मऊ हाय का बघ की आधी."

आणि माझा हात, कोणाची परवानगी न घेता, आजोबांच्या पोटावर गेला. दाबलाही. आजोबांना गुदगुल्या झाल्या, ते खी खी करून हसले, पोट हललं आणि आतून एक लांबलचक गुर्रर्र आवाज निघाला. खिडकीशी बसलेल्या पेशंटनेसुद्धा मान वळवली. स्टेथोस्कोप अजून माझ्या हातात.

मॅडमनी पेन टेकवलं. "हा आवाज त्यांचा की तुझा?"

"मॅडम?"

"आतडी आपली आपण बोलत होती, का तू दाबलंस म्हणून बोलली?"

याला उत्तर नाही, आणि नाही म्हणूनच तो क्रम आहे. आतड्यांची हालचाल आहे तशी आधी ऐकायची. हात लावला, ठोकलं की ती चाळवू शकतात, मग मिनिटाला मोजलेले आवाज कोणाच्या खात्यावर मांडायचे? शिवाय कुठे दुखत असेल आणि तुम्ही आधीच दाबलंत, तर माणूस पोट आवळून धरतो, पुढे काहीच धड हाताला लागत नाही. म्हणून दुखरी जागासुद्धा सगळ्यात शेवटी. हे सगळं मी तिथल्या तिथे घडाघडा सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "येतं ना? मग केलं का नाहीस?" आणि चेकलिस्टवर फुली.

अर्धा मार्कसुद्धा नाही. कारण माहीत असण्याचा रकाना त्या कागदावर नाही.

पुढे उजव्या खालच्या भागात, जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं आणि आवाज बहुधा सापडतातच, तिथे मी चकती टेकवली. आता मात्र शांतता. गुर्रर्र एकदाच होऊन गेलेलं. पुस्तक म्हणतं, मिनिटाला साधारण 5 ते 30 आवाज, आणि पूर्ण 5 मिनिटं ऐकल्याशिवाय 'आवाज नाहीत' म्हणायचं नाही. अख्ख्या माणसाला पंधरा मिनिटं! त्यातली पाच आतड्यांच्या मौनाला दिली तर पाय कोणी बघायचे? हे वेळापत्रक ज्यांनी आखलं त्यांनी स्वतः एकदा घड्याळ लावून करून दाखवावं, मी आजोबांच्या जागी झोपते. मी मिनिटभर ऐकलं, तीन बारीक आवाज मिळाले, आठ सांगितले. मॅडमनी लिहून घेतले. त्या आठांचे मार्क मिळाले.

पायांवर पोहोचले तेव्हा नख दाबून रंग परत किती वेळात येतो एवढंच बघून झालं. बेल वाजली. आजोबांनी बंडी खाली ओढली आणि विचारलं, "पास का मी?"

बाहेर पडताना काका दारापर्यंत आले. "चुकलं काय गं?"

"आधी दाबलं. आधी ऐकायचं असतं."

"मग बराबर हाय त्यांचं," ते म्हणाले. "आमी पण दाबू देत न्हाय कुणाला. आधी वाजवून बघायचं. दाबून दाबून मालाची वाट लागती."

"मग मला का सांगितलंत दाबायला?"

काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "आगं, ते काय कलिंगड हुतं का?"