कनेक्शन जुळलं की लगेच कॅटलॉग पाठवू नका

कुपवाड, मिरज एमआयडीसीतल्या मशीन शॉपना मी कूलंट विकतो, म्हणजे धातू कापताना थंडाव्यासाठी पाण्यात मिसळून वापरायचं द्रव. आधीच्या कंपनीत लिंक्डइनसाठी एक तयार मेसेज दिला होता. समोरच्यानं रिक्वेस्ट स्वीकारली की तो लगेच चिकटवायचा: "आमची उत्पादनं उत्तम, भेटीची वेळ द्या." लोक रिक्वेस्ट घ्यायचे आणि मेसेज गेला की गप्प व्हायचे. तिथेच कळायला हवं होतं की नाव-फोटो पाहून माणूस ओळख करून घ्यायला तयार आहे, पण मेसेजमध्ये त्याच्यासाठी काहीच नाही.

आता प्रोफाइलवर नावाखाली 'सेल्स एक्झिक्युटिव्ह' नाही, 'सीएनसी शॉपमधल्या कूलंटचा वास, गंज आणि खर्च यावर काम करतो' असं लिहिलंय.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका कारखान्याच्या प्रॉडक्शन मॅनेजरनी पोस्ट टाकली होती की ऑपरेटर टिकत नाहीत. मी खाली एवढंच विचारलं, "सुट्टीनंतर पहिल्या शिफ्टला मशीनपाशी वास येतो का? बरेच ऑपरेटर त्यालाच कंटाळतात." मग रिक्वेस्ट पाठवली, त्यातही मालाचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचाच मेसेज आला, "वास येतो साहेब, कशामुळं?"

मी जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. मशीनचं गळलेलं तेल कूलंटवर तरंगतं, सुट्टीत मशीन बंद असली की खाली हवा पोचत नाही आणि बिनहवेचे जिवाणू वाढतात. त्यात ऑपरेटर रोज नुसतं पाणी ओततो, त्यामुळं मिश्रण पातळ होत जातं. म्हटलं, "मिश्रण किती दाट आहे ते रिफ्रॅक्टोमीटरवर बघा, आणि आलेल्या आकड्याला तुमच्या कूलंटच्या फॅक्टरनं गुणा." हा गुणाकार बहुतेक जण विसरतात. त्यांचं रीडिंग दीड आलं, फॅक्टर दोन. म्हणजे तीन टक्के, आणि त्यांच्या कामाला हवं होतं सहा. दोनशे लिटरच्या टाकीत बारा लिटर कॉन्सन्ट्रेट असायला हवं, तिथं सहाच होतं.

हे कूलंट माझं नव्हतं, दुसऱ्या कंपनीचं होतं. तरी मी आधी वरचं तेल काढायला आणि प्रमाण वाढवायला सांगितलं. आमचे साहेब चिडले, "फुकट सल्ला देतोस?" मला ते अजूनही पटत नाही. ज्याला स्वतःच्या टाकीतला आकडा कळला, तोच पुढं दोन कूलंटची तुलना करू शकतो. तीन आठवड्यांनी त्यांनीच विचारलं, "तुमचं एका मशीनवर लावून बघायचं का?" तोवर मी एकदाही भाव सांगितला नव्हता.

हे सगळीकडं चालत नाही. दोन-तीन मशीनवाले मालक लिंक्डइन उघडतच नाहीत, त्यांच्या शेडवर सकाळी जावंच लागतं. मोठ्या कारखान्यांतले मॅनेजर, मेंटेनन्सवाले तिथं भेटतात, पण माल घेणारं खातं वेगळं असतं. या ट्रायलनंतरही परचेसनं कागदपत्रांतच दोन महिने घालवले. तेवढे दिवस मी दर सोमवारी फक्त त्या टाकीचं रीडिंग विचारत होतो.