तळाचा जॅक आणि वरचा भार: एका प्रतिक्रियेला उत्तर

«इमारतीचं वजन पाइलवर वरून येतं. तुम्ही तळाशी जॅक ठेवून पाइल वर ढकलता आणि म्हणता १६०० टनांची चाचणी झाली. वर प्रत्यक्ष ८०० टनही ठेवले नव्हते. ही धूळफेक नाही का?»

गेल्या लेखात मी पाइलच्या, म्हणजे इमारतीखाली जमिनीत ओतलेल्या काँक्रीटच्या खांबाच्या, तळाशी जॅक ठेवून करायच्या भारचाचणीबद्दल लिहिलं होतं; त्यावर ही प्रतिक्रिया आली. तुमचा राग मी समजू शकतो, कारण '१६०० टन' हा नुसता आकडा अहवालात टाकला तर तो खरंच दिशाभूल करतो. मी गेल्या लेखात तो तसाच टाकला, ती माझी चूक. तो कसा वाचायचा ते उदाहरणाने सांगतो.

१.२ मीटर व्यासाचा, २४ मीटर लांब पाइल घ्या. जॅकने ८०० टन जोर दिला की तेवढाच जोर खाली तळावर आणि वर पाइलच्या अंगावर येतो; दोन्ही मिळून ते १६०० टन. समजा पाइलचा माथा ४ मिमी उचलला गेला आणि तळ २२ मिमी खचला. वर जाताना पाइलचं स्वतःचं वजन, पाण्यातलं धरून साधारण ४० टन, जॅकनेच उचललं. म्हणून पाइलच्या अंगाला धरून ठेवणाऱ्या मातीच्या घर्षणाच्या खात्यात ७६० टन.

आता भार आणि हालचालीचे दोन्ही आलेख, वर जाणाऱ्या पाइलचा आणि खाली जाणाऱ्या तळाचा, एकाच हालचालीवर जुळवायचे. तळ ४ मिमी खचला तेव्हा जॅकवर ३०० टन होते असं धरू. बेरीज १०६० टन. वरून भार आला असता तर काँक्रीट स्वतः आणखी सुमारे ५ मिमी दबलं असतं. म्हणजे १०६० टनांना माथा अंदाजे ९ मिमी खचेल. इथपर्यंतचं सगळं मोजमापावर उभं आहे. त्यापुढे घर्षण ७६० वरच थांबलं असं धरलं, तर तळाचे ८०० मिळवून १५६० टनांना खचणं जवळपास ३० मिमी येतं. हे धरून चाललेलं उत्तर आहे, आणि ठिसूळ खडकात घर्षण शिखर गाठून घसरत असेल तर तेही मानू नये.

दिशेबद्दल तुमचा मुद्दा बरोबर आहे. वरून भार आला की आधी वरचे थर कामाला लागतात, इथे आधी खालचे. लांब पाइलमध्ये एकूण घर्षणात फरक सहसा थोडा पडतो, पण वरच्या मऊ थरांवर तुमचा हिशेब अवलंबून असेल तर पाइलच्या सळ्यांच्या पिंजऱ्यात वेगवेगळ्या खोलीवर, तिथलं दबणं मोजणारे स्ट्रेन गेज बसवाच.

मी या चाचणीला प्राधान्य देतो ते नदीपात्रात किंवा दाट वस्तीत, जिथे १६०० टनांचं केंटलेज, म्हणजे वरून भार देण्यासाठी लागणारा वजनांचा ढीग, रचायला जागाच नसते. शिवाय केंटलेजचं वजन आधी जमिनीवर टेकतं आणि पाइलभोवतीची माती दाबतं, म्हणजे वरून भार देण्याची चाचणीही निर्दोष नाही.

पण जॅक काँक्रीट ओतण्याआधीच पिंजऱ्याला जोडावा लागतो. आधीच ओतलेल्या, शंका आलेल्या पाइलची चाचणी वरूनच होणार. आणि वरचं घर्षण आणि खालचा तळ या दोन्ही बाजू साधारण सारख्या ताकदीच्या नसतील, तर कमजोर बाजू हरली की चाचणी संपते. भोकाच्या तळाशी गाळ राहिला की पहिल्या दोन-तीन टप्प्यांतच तळाची प्लेट भराभर खाली जाते, मग गाळ दबला की आलेख अचानक ताठ होतो. गाळ जास्त असेल तर जॅकचा पूर्ण पल्ला तिथेच खर्ची पडतो आणि घर्षणाची परीक्षा होतच नाही. अशा जागी मी जॅक तळापासून थोडा वर घेतो, म्हणजे खालच्या तुकड्याचं घर्षण तळाच्या मदतीला येतं.