देव पावले, छत काळं झालं

आमच्या देवघराच्या वर छताला एक डाग होता. होता म्हणजे वर्षानुवर्षं होता, पण मला तो डाग आहे हे कळायलाच फार उशीर झाला कारण देवासमोर उभं राहिलं की माणूस डोळे मिटतो किंवा खाली बघतो, वर कुणी बघत नाही. एकदा देवघरातला बल्ब गेला म्हणून स्टुलावर चढलो आणि वर पाहिलं तर बरोब्बर अगरबत्तीच्या वर परातीएवढा काळाकुट्ट गोल, त्याच्याभोवती तपकिरी, मग पिवळट, ग्रहण लागल्यासारखं.

मी खाली उतरलो, फडकं ओलं केलं आणि परत चढलो.

हीच ती चूक. पहिला हात मारला आणि परातीचा पाट झाला. दुसरा मारला आणि पाटाला शेपूट फुटलं. तिसऱ्या हातानंतर फडक्यातून काळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून थेट बगलेत, आणि छतावर आता मोठ्ठा करडा ढग. खालून आई म्हणाली, "अरे पुसतोयस की फासतोयस?" मी म्हटलं निघतंय हळूहळू. ती म्हणाली, "निघतंय खरं, पण तुझ्या बनियनवर."

दुसरा अध्याय याहून भारी. मागच्या रंगकामातला पांढरा प्लास्टिक पेंट माळ्यावर अर्धा डबा पडून होता, मी रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना गुपचूप दोन हात मारले आणि संध्याकाळी शुभ्र छत दाखवून सगळ्यांकडून शाबासकी वसूल केली. आठवडाभरात तो परत आला. काळा नाही, चहा सांडल्यासारखा पिवळट-तपकिरी, आतून पाझरत. मी तिसरा हात दिला, तो तिसऱ्यातूनही आला. बायको म्हणाली आता हा आपल्यातलाच झाला, याचं पान वाढ.

शेवटी शरण गेलो ते एका रंगारीकाकांना. काकांनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "पाणी कुणी लावलं?" डॉक्टर विचारतात ना, आधी कुणाचं औषध घेतलं, तसंच अगदी.

मग त्यांनी सांगितलं ते असं की हा डाग एक नाहीच, दोन आहेत. समईची आणि निरांजनाची ज्योत तेल नीट जाळू शकली नाही की काजळी सोडते, ती म्हणजे सुकी बारीक काळी पूड, नुसती वर बसलेली. आणि अगरबत्ती तर जळतच नाही, ती धुमसते, आणि तिच्या धुरात चिकट, डांबरासारखा मेणचट अंश असतो, तो गरम हवेबरोबर वर जातो आणि छताला लागून गार झाला की तिथेच चिकटतो. पूड आणि गोंद. सुकं असताना पूड उचलता येते. पाणी लावून चोळलं की ती गोंदात कालवून रंगाच्या बारीक छिद्रांत आपणच भरतो. आणि वरून मारलेला पेंट पाण्यातला, त्याच्या ओलाव्यात तो पिवळा अंश विरघळून नवीन थरातून वर येतो. म्हणजे माझे दोन्ही उपाय त्या डागाने अगदी आवडीने स्वीकारले होते.

"आधी सुकं," काका म्हणाले. सुका रबरी स्पंज मिळतो, दिसायला विटेच्या तुकड्यासारखा, काजळीसाठीच असतो, आणि त्याला पाणी अजिबात दाखवायचं नाही. एकाच दिशेने छोटे छोटे हात, रेघेवर रेघ, पुढे-मागे घासायचं नाही. तोंड काळं झालं की बाजू बदलायची, सगळ्या बाजू काळ्या झाल्या की ब्लेडने वरचा थर कापून टाकायचा, आत पुन्हा नवा. स्पंज कोराच्या कोरा खाली येऊ लागला की समजायचं पूड संपली. मला हे इतकं आवडलं की ढग सोडून आजूबाजूचंही छत पुसत सुटलो, आणि तिथेच फसलो, पण ते पुढे.

(स्पंज येईपर्यंत मी घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा दाबून बघितला होता आणि काजळी खरंच उचलली जाते बरं का. हसू नका, मुलांचं ते प्ले-डो मूळचं हेच, १९३० च्या दशकात अमेरिकेत कोळशाच्या शेगड्यांची काजळी वॉलपेपरवरून उचलायला निघालेला लगदा, खेळणं म्हणून तो १९५६ मध्ये विकायला आला. फक्त कणीक चोळायची नाही, दाबून उचलायची, आणि काळा झालेला गोळा ओट्यावर विसरायचा नाही. मी विसरलो होतो.)

पूड गेली, पिवळा राहिला. आता ओलं चालेल का? काकांनी कोपऱ्यात, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून घट्ट पिळलेलं फडकं फिरवायला सांगितलं, फडकं पांढरं निघालं. आनंदाने ओरडणार इतक्यात काका म्हणाले, हा तुमच्या छताचा रंग उतरलाय. साधं डिस्टेंपर. म्हणजे माझ्या मूळच्या छताला पाणी कधीच झेपणारं नव्हतं. चांगला धुता येणारा पेंट असता तर याच साबणाच्या पाण्याने काम झालं असतं, फक्त भिंत असेल तर खालून वर पुसत जायचं, वरून सुरुवात केली की ओघळ खालच्या सुक्या काजळीवर उतरतात आणि ते ओघळ मग जन्मभर दिसतात. आणि तो पांढरा जादूचा स्पंज म्हणतात तो तर बारीक पॉलिश पेपरच असतो, मॅट रंगावर चकचकीत चट्टा पाडतो.

तर उरलं कोंडणं. निघत नाही त्याला आत कोंडायचं. मी मारलेल्या पेंटचे सुटलेले पापुद्रे खरवडून, डागावर ऑइल बेसचा प्रायमर, खिडक्या उघड्या ठेवून, कारण वास असा की देव कपाटात हलवले होते तरी त्यांनी नाक दाबलं असणार. पाण्यातला नाही, हे काकांनी तीनदा सांगितलं, माझा इतिहास माहीत असल्यामुळे. डब्यावर लिहिलाय तितका वेळ सुकू द्यायचं आणि मग वर रंगाचे दोन हात.

आणि आता ते पुढचं. मी सुक्या स्पंजने जिथे जिथे हौसेने हात फिरवले होते तिथे तिथे छत मूळचं दिसायला लागलं होतं आणि कळलं की ज्याला आम्ही ऑफ व्हाइट समजत होतो तो रंग नव्हताच, तो धूर होता. एवढा एक चौकोन रंगवून कसं चालेल? भिंतीपासून भिंतीपर्यंत अख्खं छत रंगवलं. परातीएवढा डाग, खोलीभर बिल.

धुराच्या मुळाशीही गेलो. समईची वात काकांनीच कातरून दाखवली, ज्योतीच्या टोकाला काळं शेपूट हललं की वात मोठी आहे, ती इतकी छाटायची की ज्योत शांत उभी राहील. अगरबत्तीचं घर भिंतीला चिकटून होतं ते पुढे ओढलं, ज्योतीच्या रेषेत येऊ नये म्हणून बाजूला. आईने दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी ते आपल्या जागी परत. मी परत पुढे ओढलं. अजून हे चालू आहे, आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

सगळं झाल्यावर देवांना परत बसवायला म्हणून मागच्या भिंतीवरची मोठी तसबीर उचलली, तर खाली भिंतीवर लख्ख पांढरा चौकोन, तसबिरीच्याच मापाचा, बाकी भिंत तपकिरी. बायकोने मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "मी म्हणतच होते ना, जरा डावीकडे सरकवू या."

मी तसबीर आहे तिथे परत टांगली, एक मिलिमीटरही इकडेतिकडे न करता.